‘मेहेरबान’, ‘साहेब’, ‘आज्ञाधारक सेवक’ : सरकारी अर्जात यातलं काय ठेवायचं?

माळावरचा
वडिलांच्या नावाने तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा आहे. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर त्यांचं नाव ‘ज्ञानदेव’ असं बरोबर आहे, संगणकीकृत उताऱ्यावर ते ‘नामदेव’ झालंय. कचेरीबाहेरच्या अर्जलेखकाने पुढचा मजकूर लिहून दिला:

“प्रती, मे. मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी, विनंती अर्ज ऐसा जे, आपण गोरगरिबांचे कैवारी असून आपले कृपेने अनेकांचे कल्याण झाले आहे. तरी मज गरिबावर दया करून नावात दुरुस्ती करणेची मेहेरबानी करावी व उपकृत करावे. आपला आज्ञाधारक सेवक.”

वडील म्हणतात, सरकारदरबारी असंच लिहायचं असतं, मान द्यावा लागतो. मला ‘सेवक’ खटकतो. वडील 72 वर्षांचे आहेत. यातलं काढायचं काय आणि काढल्यावर उद्धट तर वाटणार नाही ना?

पाटीपेन्सिल
‘मे.’ म्हणजे मेसर्स. ते दुकानांच्या, कंपन्यांच्या नावाआधी लावतात. तहसीलदारांना ते लागूच होत नाही, त्यामुळे चुकीचं आहे.

बोरूबहाद्दर
पाटीपेन्सिल, कंपनीच्या नावाआधीचा ‘मे.’ मेसर्सचाच, ते बरोबर. पण ‘मे. दिवाणी न्यायाधीश साहेब यांचे न्यायालयात’ यातला ‘मे.’ मेहेरबानचा आहे. फारसी शब्द, अर्थ ममताळू, दयाळू. जुन्या पत्रव्यवहारात सरदार-दरकदारांच्या नावाआधी तो किताबासारखा लागायचा. कोर्टाच्या कागदांत ती चाल अजून टिकून आहे, महसुली अर्जात तिची गरज नाही.

‘विनंती अर्ज’ हाही जोडशब्द बघा. अर्ज म्हणजेच पुढे मांडणं, सादर करणं. विनंतीचं मूळ संस्कृत ‘विज्ञप्ति’, म्हणजे कळवणं. दोन्ही शब्दांत मुळात लाचारी नाहीच. ‘ऐसा जे’ पेशवाईतल्या पत्रांचा मायना आहे, वाचायला गोड, पण आज त्याचं काम ‘की’ करतो.

टपालखाना
तहसील कार्यालयात 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी आवक टपालावर. अर्ज कसा वाचला जातो ते सांगतो. आवक नोंदवणारा माणूस आधी विषयाची ओळ बघतो. त्यावरून कागद कोणत्या संकलनाकडे, म्हणजे कोणत्या टेबलाकडे जाणार ते ठरतं आणि नोंदवहीत तीच ओळ उतरते. मग अर्जदाराचं नाव, गाव, गट नंबर. वरच्या मजकुरात विषय नाही, गाव नाही, गट नंबर नाही. कैवारी मात्र आहे. असा कागद हातात आला की आम्ही अर्जदाराला शोधायचो, तो दाराबाहेर असला तर ठीक, नाहीतर कागद पडून राहायचा. त्यात कुणाचा राग नसायचा, पुढे काय करायचं तेच कळायचं नाही.

दुसरं असं की ही दया नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 मध्ये अभिलेखातली लेखनाची चूक दुरुस्त करायची तरतूद आहे. ते त्या खुर्चीचं कामच आहे. कामाला ‘मेहेरबानी’ म्हटलं की दोघांचाही मान कमी होतो.

शाळामास्तर
‘आज्ञाधारक’ शाळेतून आलं असावं. रजेच्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ आम्हीच मुलांकडून घोटून घेतो. विद्यार्थ्याने शिक्षकाची आज्ञा पाळायची असते, तिथे ते शोभतं. नागरिक तहसीलदारांच्या आज्ञेत नसतो. मी स्वतः पेन्शनच्या कागदांखाली ‘आपला विश्वासू’ लिहितो. माझं प्रकरण चार महिने अडकलंय, त्यालाही कलम 155 लागेल का?

टपालखाना
नाही गुरुजी, ते फक्त जमिनीच्या अभिलेखांसाठी. तुमचं तुमच्या खात्याकडे.

रानजाई
माझं मत थोडं वेगळं आहे. मी एकदा सगळी नम्रता काढून ‘त्वरित दुरुस्ती करा’ असं लिहिलं होतं. काम झालं, पण नंतर तो कागद वाचताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. मराठीत आदर विशेषणांतून कमी आणि क्रियापदातून जास्त येतो. ‘करा’, ‘करावी’, ‘करण्यात यावी’, ‘करून मिळावी’ हे मोठ्याने म्हणून बघा. ‘करा’ हुकूम आहे. ‘करण्यात यावी’ कार्यालयाने खालच्या कार्यालयाला लिहिल्यासारखं वाटतं. ‘करून मिळावी’ मात्र नेमकं बसतं. त्यात समोरच्याला आज्ञा नाही, स्वतःला खाली घालणंही नाही. काम त्यांनी करायचं, मिळायचं मला, दोन्ही एका क्रियापदात आलं.

बोरूबहाद्दर
रानजाईताई, अगदी बरोबर. तसाच आदर ‘यांना’मध्येही आहे. ‘तहसीलदार यांना’ म्हटलं की आदरार्थी बहुवचन आपोआप येतं. त्यावर मेहेरबान, मा. आणि साहेब असे तीन थर कशाला? एक ‘मा.’ पुरे. आणि वर ‘प्रति’ लिहिलं की खाली ‘यांचे सेवेशी’ नको, प्रति म्हणजेच ‘कडे’. हा ‘प्रति’ ऱ्हस्व. दीर्घ ‘प्रती’ म्हणजे झेरॉक्स काढतो त्या.

मी असा लिहीन:

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, (तालुका, जिल्हा)

विषय: मौजे (गाव) येथील गट क्र. (–) च्या सातबारा उताऱ्यावरील खातेदाराच्या नावात दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,
वरील गटाच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर माझे नाव ‘ज्ञानदेव’ असे आहे. संगणकीकृत उताऱ्यावर ते ‘नामदेव’ असे नोंदले गेले आहे. दोन्ही उतारे व आधार कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 नुसार नावात दुरुस्ती करून मिळावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी, दिनांक)

टपालखाना
चांगला आहे. ज्या फेरफाराने नाव लागलं त्याचा क्रमांक माहीत असेल तर तोही घाला, जुळणी लवकर होते. आणि दोन प्रती न्या, दुसरीवर तारखेसह शिक्का घेऊन ठेवा. ती पोच जपा.

पण विषयात मी ‘करणेबाबत’च लिहीन. आम्ही जन्मभर तेच लिहिलं.

बोरूबहाद्दर
काका, 1962 च्या लेखननियमांत एकारान्त नामाचं सामान्यरूप या-कारान्त करावं असं आहे, तिथे उदाहरणच ‘करण्यासाठी’ दिलंय. ‘करणेबाबत’, ‘यांचेकडे’ ही जुनी दप्तरी वळणं.

टपालखाना
नियम मान्य. पण ‘करणेबाबत’ दिसलं की कागद सरकारी आहे हे लांबून कळतं. ‘करण्याबाबत’ लिहिलं म्हणून कुणी परत पाठवणार नाही, हेही खरं.

पाटीपेन्सिल
‘मे.’बद्दल धन्यवाद, तो मेहेरबानचाही असतो हे माहीत नव्हतं. आमच्याकडे तहसीलदार बाई आहेत. मग ‘महोदया’ ना? आणि बदली होऊन कोण आलंय ते ठाऊक नसेल तर?

रानजाई
बाई आहेत हे माहीत असेल तर ‘महोदया’च. माहीत नसेल तर मी ‘महोदय/महोदया’ लिहिते.

बोरूबहाद्दर
ती तिरकी रेघ मला छापील फॉर्मसारखी वाटते. अर्ज पदाला लिहिलेला असतो, म्हणून मी ‘महोदय’ ठेवतो.

रानजाई
पद पुरुष नसतं ना पण. ‘तहसीलदार’ दोघांनाही चालतो, ‘महोदय’ नाही चालत. त्यापेक्षा संबोधन गाळून विषयाखाली थेट मजकूर सुरू केलेला बरा.

माळावरचा
वडिलांना दोन्ही मजकूर वाचून दाखवले. दुसरा ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘नम्र’ आहे ना त्यात? आहे म्हटल्यावर सही केली. ‘विश्वासू’ऐवजी त्यांनी ‘अर्जदार’ लिहायला लावलं. म्हणाले, त्या माणसाची माझी ओळख नाही, विश्वासाचं मी कसं सांगू. ‘अर्जदार’ एवढंच खाली चालतं का?

टपालखाना
चालतं. खाली सही आणि पूर्ण नाव स्पष्ट हवं. उतारा घेताना खात्याचा आठ-अ उताराही काढा, तिथेही नाव चुकलेलं असेल तर विषयात दोन्ही लिहा.