हातात ४५ हजार हवेत, मग बिल कितीचं?

सांगलीची सई: पुण्याच्या एका कंपनीचं पॅकेजिंग डिझाईनचं काम मिळालंय, प्लॅटफॉर्ममार्फत. कंपनी १०% टीडीएस कापणार, प्लॅटफॉर्म १०% फी. मला खात्यात ४५,००० हवेत. २०% चढवून ५४,००० चं बिल टाकलं की झालं, लोक उगाच गुंतागुंत करतात.

पोवईनाका: "उगाच गुंतागुंत" वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. ताई, तुम्ही २०% चढवले ते ४५ वर, आणि ते कापणार ५४ वर! टीडीएसचे ५,४०० गेले, फीचे ५,४०० गेले, वर फीवर १८% जीएसटी आहेच, त्याचे ९७२. उरले ४२,२२८. पावणेतीन हजाराला चुना. उलटीकडून या ना, १०० च्या बिलातून १० टीडीएस, १० फी, १.८० फीवरचा जीएसटी गेला की ७८.२० राहतात. म्हणून

```
45000 / 0.782 = 57545
```

आता यातून ५,७५४, परत ५,७५४ आणि १,०३६ वजा करून बघा, ४५ हजार आलेच.

हळदवाला: एवढं कशाला? आमच्या हळदीच्या पट्टीत जसं एकामागून एक वजा होत जातं तसंच हे. आधी टीडीएस गेला, उरलेल्या ९० वर फी ९, राहिले ८१. ४५ भागिले ०.८१ म्हणजे ५५,५५६. पोरीला दोन हजार जास्त मागायला लावू नका, काम जाईल हातचं.

पोवईनाका: काका, फी उरलेल्यावर नाही, बिलाच्या पूर्ण रकमेवर कापतात, निदान माझा प्लॅटफॉर्म तरी. सईनं जुन्या पेमेंटचं स्टेटमेंट उघडून फीचा आकडा बिलाशी ताडून बघावा, वाद मिटला. आणि जीएसटी तुम्ही परत खाल्लात.

कराडची ताई: मी चौदा वर्षं लोकांची रिटर्न भरतेय, दोघंही चुकताय. फी गेली ती गेली, ती चढवा. पण टीडीएस हा सईचाच पैसा आहे, तिच्या पॅनवर जमा होतो, तो क्लायंटच्या माथी का मारायचा? फक्त फी धरली तर ४५,००० भागिले ०.८८२, म्हणजे ५१,०२० चं बिल. आत्ता खात्यात ३९,८९८ येतील, ५,१०२ तुमच्या पॅनवर जमा कराच्या उताऱ्यात, म्हणजे 26AS मध्ये दिसतील. वर्षाची जमा समजा सहा लाख, खर्च वजा जाऊन निम्मं उत्पन्न धरलं की कर शून्य, सगळे परत. ५७,५४५ चं बिल लावलंत तर ४५ हजार घेऊन वर ५,७५४ चा रिफंड, ही तर चक्क दरवाढ झाली!

साताराबॉय: माझा क्लायंट अमेरिकेचा, टीडीएस कापतच नाही. ही चर्चा कशाला चाललीय?

पोवईनाका: तुमच्यासाठी नाही चाललेली.

मिरजेचा फोटोवाला: "26AS मध्ये दिसतील" म्हणे! माझे एका क्लायंटनं २०२३ ला आठ हजार कापले, 26AS कोरं. फोन केला की "अकाउंटंट रजेवर". पाच महिन्यांनी कळलं, माझ्या पॅनमधला डी त्यांनी टी टाकला होता, माझे पैसे कुठल्या तरी भलत्याच माणसाच्या नावावर. रिफंड कसला, मनस्ताप. तुमच्यासारख्या रिटर्नवाल्यांना काय, फी घेतली की सुटलात.

कराडची ताई: दादा, जिभेला हाड ठेवा. पॅन तुम्ही फोनवर सांगितला होता की बिलावर छापला होता?

मिरजेचा फोटोवाला: …फोनवर.

कराडची ताई: तेच. डी आणि टी फोनवर सारखेच ऐकू येतात. चूक दुरुस्त करायची ती क्लायंटनेच, त्याचं टीडीएस रिटर्न सुधारून. आपण फक्त मागे लागायचं, म्हणून कापल्याचं सर्टिफिकेट तिमाही संपल्यावर लगेच मागा, मार्चची वाट बघू नका.

मिरजेचा फोटोवाला: मागितलं होतं हो! द्यायला नको का? पाच महिने पळवलं.

हळदवाला: मी काय म्हणतो, सरळ दोन बिलं करा, पंचवीस-पंचवीसची. ५० हजाराच्या आत टीडीएसच नाही.

कराडची ताई: ही मर्यादा एका क्लायंटच्या अख्ख्या वर्षाची आहे काका, बिलाची नाही. आणि २०२५ च्या एप्रिलआधी ती ३० हजारच होती. पुढचं काम आलं आणि आकडा ओलांडला की आधीच्या बिलांचंही एकदम कापतात, तेव्हा रडाल.

सांगलीची सई: बरं, ५४ चुकलं, मान्य. ताईंचं पटतंय पण दुकानभाडं ५ तारखेला द्यायचंय, रिफंड येईल तेव्हा येईल, घरमालक 26AS बघून थांबणार नाही. ५७,५४५ टाकते, घासाघीस झाली तर ५१,०२० च्या खाली उतरणार नाही.

हळदवाला: टाका, काम गेलं तर पोवईनाक्यालाच पाठवा भाड्याचं बिल.

साताराबॉय: पण सईचा जीएसटी नंबर असता तर टीडीएस जीएसटी सोडून कापतात ना, मग प्लॅटफॉर्म फी कशावर घेतो, जीएसटी धरून की सोडून?

पोवईनाका: माझ्याकडून जीएसटी धरून घेतली होती. मित्राकडून सोडून. कुणाला नक्की माहीत असेल तर लिहा.