मदत हवी आहे: सुपरमार्केटला नवीन स्नॅक दाखवायचाय, १८ स्लाइडमधल्या कुठल्या ठेवू?

सांगली_भट्टी
नमस्कार मंडळी. सांगलीत आमची छोटी बेकरी आहे, खारी, टोस्ट, नानकटाई असा नेहमीचा माल. मागच्या वर्षी ज्वारी-लसूण काड्या सुरू केल्या, म्हणजे ४० टक्के ज्वारीचं पीठ, बाकी मैदा, लसूण, तीळ, तेल, तळलेल्या नाहीत, भट्टीत भाजलेल्या. १५० ग्रॅमचं पाकीट, एमआरपी ५०. आमच्या काउंटरवर रोज ३०-३५ पाकिटं जातात. आता इकडच्या एका सहा दुकानांच्या सुपरमार्केटवाल्यांनी पंधरा मिनिटं वेळ दिलीये, तीन आठवड्यांनी. भाच्याने १८ स्लाइडची पीपीटी केली. पहिल्या चार आजोबांच्या, बेकरीच्या, जुन्या फोटोंच्या, मग ज्वारीचे फायदे सहा स्लाइड, मग आमची मशिनरी, मग चव कशी वेगळी ते, आणि रेट सगळ्यात शेवटी. मला स्वतःलाच बघताना वाटलं की समोरचा माणूस रेटपर्यंत पोचणारच नाही. काय ठेवू, काय काढू, कुठल्या क्रमाने ते सांगा. माझं गणित असं आहे: पाकिटाला खर्च साडेचोवीस (माल, गॅस, मजुरी १९, पाऊच आणि लेबल साडेतीन, खोका आणि पोचवणं २), दुकानाला ३५ ला द्यायचं, त्यांनी ५० ला विकायचं.

मिरजकर_एमबीए
दादा मस्त प्रॉडक्ट आहे. माझ्या मते पहिली स्लाइड मार्केट साइझची पाहिजे, भारतात स्नॅक्सचं मार्केट केवढं मोठं आहे ते, त्याशिवाय सिरीयस घेत नाहीत. आणि मार्जिन ठळक लिहा, ३५ ला घेऊन ५० ला विकणार म्हणजे १५ सुटतात, १५ भागिले ३५, त्यांना जवळजवळ ४३ टक्के मार्जिन मिळतंय, एवढं कोण देतं. वर ग्लूटेन फ्री पण लिहा, ज्वारी आहे ना, आता तेच चालतं.

कर्जमार्गदर्शक
प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तीन वर्षांचं प्रोजेक्शन आणि मशिनरीचं कोटेशन लागतं, ते स्लाइडवर नाही, वेगळ्या फाईलमध्ये द्या. पीएमएफएमई या छोट्या अन्न उद्योगांच्या सरकारी योजनेत ३५ टक्के सबसिडी आहे, जास्तीत जास्त १० लाख, बँक मॅनेजरला ते आधी सांगा.

सांगली_भट्टी
धन्यवाद साहेब, पण मी बँकेत नाही जात आहे, दुकानात माल ठेवायला जातोय. सबसिडीचं लक्षात ठेवतो.

खरेदी_टेबल
मी नऊ वर्षं एका सुपरमार्केट चेनच्या खरेदी विभागात होते, फूड आणि नमकीन माझ्याकडेच होतं. आठवड्याला सात-आठ जण असे यायचे म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी मार्जिनचं, कारण तिथेच बहुतेक बोलणी फिसकटतात. दुकानवाला मार्जिन एमआरपीवर धरतो, तुमच्या रेटवर नाही. ५० मधले १५ म्हणजे ३० टक्के. तुम्ही ४३ लिहिलंत तर समोरचा मनात म्हणेल की याला आपला हिशोबच माहीत नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न, ३५ हे जीएसटी धरून की जीएसटी सोडून? २२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीन आणि बेकरीचा बराचसा माल ५ टक्क्यांत आलाय (तुमच्या काड्यांचा एचएसएन कोड मात्र सीएला विचारून नक्की करा). ३५ अधिक ५ टक्के म्हणजे त्यांच्या बिलावर ३६.७५ येणार, आणि मार्जिन ३० वरून साडेसव्वीसवर येणार. ३५ सगळं धरून असेल तर तुमच्या हातात ३३.३३ येतात. हे टेबलावर बसून ठरवायला गेलात की तुम्ही घाबरून सगळं धरून म्हणणार, आणि मग महिनाअखेर कळणार.

३३.३३ मधून साडेचोवीस गेले, ८.८३ राहिले. आता १०० पाकिटांतली ५ परत आली असं धरा, त्यांची क्रेडिट नोट तुम्हालाच द्यावी लागते आणि ती पाकिटं बनवायचा खर्च झालेलाच असतो. ८.८३ चे ७.१६ होतात. त्यांनी म्हटलं की आम्ही थेट घेत नाही, डिस्ट्रिब्युटर मधून या, त्याचे ८ टक्के, तर राहिले साधारण साडेचार. तेव्हा आत जाण्याआधी तुमचा खालचा आकडा ठरलेला पाहिजे. तो स्लाइडवर नको, खिशातल्या कागदावर.

मार्केट साइझची स्लाइड काढाच. त्याच्या सहा दुकानांत किती विकलं जाईल एवढंच त्याला बघायचंय. ग्लूटेन फ्री तर अजिबात नाही, तुम्ही मैदा घालताय, नियमात २० मिलिग्रॅम प्रति किलोच्या आत लागतं. उलट लेबलवर गव्हाचा अ‍ॅलर्जीसाठी उल्लेख पाहिजे. आणि ज्वारी मोठ्या अक्षरात लिहिणार असाल तर घटकांच्या यादीत ४० टक्के हा आकडा यायला हवा, ते आहे का लेबलवर?

सांगली_भट्टी
ताई, ३५ मी सगळं धरूनच म्हणत होतो पण ८.८३ चा आकडा कधी काढलाच नव्हता, माझ्या डोक्यात साडेदहा सुटतात असंच होतं. लेबलवर ४० नाहीये, फक्त ज्वारी पीठ लिहिलंय, बदलतो. एफएसएसएआय स्टेट लायसन्स आहे, बारकोड मात्र नाही. आणि काउंटरवर ३०-३५ जातात हे दाखवायचं ना?

खरेदी_टेबल
बारकोड जीएस१ इंडियाकडून स्वतःच्या नावावर घ्या, दुसऱ्याचा वापरलेला नको, बिलिंगला अडकतो.

काउंटरचा आकडा खरेदीवाला धरत नाही, कारण तिथे तुम्ही स्वतः उभे असता, गिऱ्हाईकाच्या हातात तुकडा देता. शेल्फवर पाकीट एकटं उभं असतं. तीन आठवडे आहेत ना हातात, तीन किराणा दुकानांत ठेवा, कोणी सांगायला नाही, टेस्टिंग नाही, दर रविवारी मोजा. तो आकडा म्हणजे तुमची मुख्य स्लाइड.

आणि टिकतं किती दिवस? लेबलवर काय लिहिलंय?

सांगली_भट्टी
६० दिवस. घरी पाकिटं ठेवून बघितली, दोन महिने मऊ पडत नाहीत.

खरेदी_टेबल
मऊ पडणं पाऊचवर अवलंबून, ते तुमचं ठीक दिसतंय. पण लसूण, तीळ आणि तेल आहे, तुमचा माल आधी खवट होणार, मऊ नंतर. एप्रिल-मे मध्ये भट्टीशेजारच्या खोलीत १०-१२ पाकिटं ठेवायची, दर आठवड्याला एक फोडायचं. फोडल्याबरोबर वास घ्यायचा, दोन काड्या खाऊन पाच मिनिटं थांबायचं, घशाला चरचरलं की तो आठवडा लिहून ठेवायचा. घरच्याच माणसाला देऊ नका, त्याला वासाची सवय झालेली असते. सोबत लॅबमधून पेरॉक्साइड व्हॅल्यूचा, म्हणजे तेल किती खवट व्हायला लागलंय त्याचा, रिपोर्ट घ्या, म्हणजे तारखेला आधार राहतो. आमच्याकडे माल गोडाऊनला पोचताना आयुष्याचा दोन तृतीयांश भाग शिल्लक लागायचा. ६० दिवस असतील तर २० दिवसांच्या आतला माल पोचवावा लागेल, तुम्ही आठवड्याला किती वेळा भाजता त्यावर हे जमेल की नाही ठरेल.

फराळवाली_नाशिक
माझा अनुभव सांगते, भाजके पोहे चिवडा. एका चेनने पहिल्याच ऑर्डरला ४०० पाकिटं घेतली, मी आनंदात, उसने पैसे घेऊन माल भरला. दीड महिन्याने १४० परत आली, तारीख संपत आलेली, काही फाटलेली, कापून घेतलेल्या पैशाचा तपशील मागितला तर ईमेलला उत्तर नाही. बाकीचे पैसे तिसऱ्या महिन्यात. दादा, परतीचं आधीच लिहून घ्या, फाटलेलं पाकीट कोणाचं ते सुद्धा. आणि मला विचारायचंय की दिवाळीच्या चकलीला पण बारकोड वेगळा लागतो का?

खरेदी_टेबल
चकलीला वेगळा, आणि २०० ग्रॅम ५०० ग्रॅम दोन्ही असतील तर दोन वेगळे. तुमचं झालं ते वाईट झालं ताई, आणि ते पहिल्या ऑर्डरच्या आकड्यातच ठरलं होतं. ४०० घेतली पण दुकानं किती, दर दुकानात आठवड्याला किती जातील हे कोणीच मोजलं नव्हतं.

मिरजकर_एमबीए
मार्जिनचं मी चुकीचं सांगितलं, सॉरी दादा, मी मार्कअप, म्हणजे खरेदीच्या रेटवरचे टक्के, काढत होतो. पैशाचं मात्र मला माहीतीये, उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर ४५ दिवसांत पेमेंट द्यावंच लागतं, तेही स्लाइडवर लिहा, कायदाच आहे.

खरेदी_टेबल
कायदा बरोबर आहे, ४५ ही लेखी करार असेल तेव्हाची कमाल मर्यादा. पण पहिल्या भेटीत मोठ्या अक्षरात लिहिलंत तर सूर बिघडतो. शेवटच्या स्लाइडवर उद्यम नंबर टाका, ज्याला कळायचं त्याला कळतं.

सांगली_भट्टी
(सोळा दिवसांनी) मंडळी, किराण्याचे दोन रविवार झाले. गावभागातल्या दुकानात आठवड्याला ११, मेन रोडवर ६, शाळेजवळच्या दुकानात १९. म्हणजे सरासरी १२. भाचा म्हणतोय ६ वालं दुकान काढून टाकू.

नवीन क्रम असा केलाय, सात स्लाइड. पहिली, पाकिटाचा खरा फोटो, वजन, एमआरपी, त्यांचा रेट जीएसटी धरून ३५, एमआरपीवर ३० टक्के, टिकण्याचे दिवस, सगळं एकाच ठिकाणी. दुसरी, तीन दुकानांचे आकडे. तिसरी, शेल्फवर कुठे बसेल, मी त्यांच्या दोन दुकानांत जाऊन बघितलं, टोस्टच्या रॅकवर १५० ग्रॅममध्ये भाजलेलं आणि तिखट असं काहीच नाहीये, सगळं गोड किंवा तळलेलं. चौथी, ट्रायल, २ दुकानं, ६ आठवडे, न खपलेलं मी परत घेणार पण फाटलेलं त्यांचं. पाचवी, माल कधी पोचणार, मंगळवार-शुक्रवार. सहावी, लेबल आणि कागदपत्रं. सातवी, आजोबांचा एक फोटो आणि उद्यम नंबर. ज्वारीचे फायदे सगळे काढले. मंगळवेढ्याची ज्वारी वापरतो ते लिहू का?

खरेदी_टेबल
६ वालं दुकान ठेवा आणि का कमी गेलं तेही बोला, कारण त्यांच्या सहातली निदान एक-दोन तशीच निघणार आणि तेव्हा तुम्ही आधी सांगितलेलं असेल. दुसऱ्या स्लाइडवर एक ओळ वाढवा, आठवड्याला १२ पाकिटं म्हणजे दोन पाकिटांच्या रुंदीत ६०० ची विक्री, जीएसटी वजा जाता त्यांना १७१ सुटतात. तो लगेच तिथल्या आत्ताच्या मालाशी ताडून बघेल, तेच तुम्हाला हवंय.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे पाकिटावर ते नाव छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. तोंडी विचारलं तर सांगा, छापू नका. ट्रायलमध्ये फाटलेलं त्यांचं हे मान्य होईल असं मला वाटत नाही, पण मागायला हरकत नाही. खोक्यात किती पाकिटं आहेत?

सांगली_भट्टी
२४.

खरेदी_टेबल
१२ ची करा. ६ वाल्या दुकानात २४ चा खोका म्हणजे चार आठवड्यांचा माल, तिथेच तुमचे ६० दिवस संपायला लागतात.

सांगली_भट्टी
खोकेवाल्याला आत्ताच फोन केला, १२ चा खोका पाकिटामागे ४० पैसे महाग पडतोय. खर्च २४.९० होतो. ३५ वर राहू की एमआरपी ५५ करू, यावर घरात दोन मतं आहेत.

फराळवाली_नाशिक
५५ नको दादा, ५० ची एकच नोट द्यावी लागते, ५५ ला सुट्टे शोधत बसतात.

मिरजकर_एमबीए
सुपरमार्केटमध्ये कार्ड आणि यूपीआय असतं, तिथे सुट्ट्याचा प्रश्न कुठे येतो. मी ५५ म्हणेन.