फिजिओकडे पहिल्यांदा जाताना काय लिहून न्यायचं? (सोसायटी ग्रुपवरून)

मंगलकाकू, ए-२०३: उद्या उजव्या खांद्यासाठी फिजिओकडे पहिल्यांदाच जातेय. दुखण्याची माहिती लिहून आणा म्हणालेत. एक्स-रे आहे, अजून काय लिहू?

मृणाल (फिजिओ), सी-५०१: काकू, एक्स-रेत हाडं दिसतात, हात कुठे अडतो ते तुम्हीच सांगायचं. कधीपासून दुखतंय? काय करताना?

मंगलकाकू: पडले वगैरे नाही. गणपतीनंतर हळूहळू सुरू झालं. आंबाडा घालता येत नाही, नाडी बांधायला हात मागे जात नाही. रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते.

मृणाल: हे जसंच्या तसं लिहा. आता उताणं झोपा, उजवा हात अगदी सैल सोडा आणि डाव्या हाताने तो हळूच वर न्या. दुखलं की थांबा. कुठवर जातो?

मंगलकाकू: कपाळापर्यंत. पुढे हलतच नाही.

मृणाल: हे नक्की लिहा. स्वतः उचलताना अडतो पण दुसऱ्या हाताने नेला तर वर जातो, तेव्हा बहुधा स्नायू किंवा टेंडनचा त्रास असतो. दोन्ही वेळा अडला तर सांधा आखडल्याचा, म्हणजे फ्रोझन शोल्डरचा संशय येतो. नक्की तपासल्यावरच कळेल. शुगर आहे ना तुम्हाला? तेही लिहा, शुगरवाल्यांत हे जास्त आढळतं.

मंगलकाकू: आहे. दुखणं दहापैकी सहा लिहू?

मृणाल: लिहा, पण गोळी घेण्याआधीचं की नंतरचं तेही लिहा. त्याहून कामाचं म्हणजे, कणीक मळल्यावर कळ किती वेळ राहते? पाच मिनिटांत निवते की रात्रभर ठणकतं? पहिल्या दिवशी हाताला किती ताण द्यायचा ते आम्ही यावरून ठरवतो.

मंगलकाकू: दोनेक तास राहते. आणि अपेक्षा काय, या रकान्यात ‘बरं वाटावं’ लिहिलंय.

मृणाल: त्यावरून व्यायाम ठरत नाही हो. आंबाड्याला हात वर नेऊन बाहेर वळवावा लागतो, नाडीला पाठीमागे आत. आधी काय जमायला हवं?

मंगलकाकू: आंबाडा. रोज सूनबाईला हाक मारावी लागते.

देशपांडे काका, बी-१०४: मृणाल, माझा डावा खांदा जिना चढताना दुखतो, उभं राहिलं की थांबतो. मीही असाच कागद करू?

मृणाल: काका, हात फिरवून दुखतो का?

देशपांडे काका: छे, हात छान फिरतो.

मृणाल: मग फिजिओकडे नको, आजच डॉक्टरांना दाखवा. हे हृदयाचं असू शकतं. बसल्या जागी दुखलं, छातीत दाब आला, घाम फुटला किंवा धाप लागली तर थेट कॅज्युअल्टी. स्वतः गाडी चालवू नका.

मंगलकाकू: मृणाल, हे बघ:
‘उजवा खांदा, गणपतीपासून, मार नाही. शुगर आहे. आंबाडा, नाडी जमत नाही. त्या कुशीवर झोपमोड. डाव्या हाताने नेला तरी कपाळाशी अडतो. कणीक मळली की दोन तास कळ, गोळीआधी दहापैकी सहा. आधी आंबाडा जमायला हवा.’

मृणाल: छान. शुगरच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांची नावं तेवढी खाली लिहा. आणि उद्या सैल बाह्यांचा ब्लाऊज घाला, खांदा उघडा करून बघावा लागतो.