शुभेच्छांच्या उत्तरात किती लिहावं?

> मैत्रिणीने दिवाळीच्या शुभेच्छा देऊन "रिपोर्ट आले का?" असंही विचारलंय. ती दिवसभर ऑफिसात असते. काय उत्तर देऊ?

आत्ता एवढंच पाठवा: "तुलाही दिवाळीच्या खूप शुभेच्छा! रात्री निवांत फोन करते." रिपोर्ट, डॉक्टर, गोळ्या यातलं काहीच नको. नुसतं "रिपोर्ट चांगले आले" लिहिलंत, तरी तुमचं नाव आणि तपासण्या चालू असल्याचं तिच्या शेजारी बसलेल्याला तिच्या स्क्रीनवरून कळू शकतं.

लॉक स्क्रीनवर किती मजकूर दिसावा, हे तिच्या फोनचं सेटिंग ठरवतं, तुमचं नाही. शिवाय अनेकजण ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडं ठेवतात. मीटिंगमध्ये तीच स्क्रीन भिंतीवर दाखवली जात असेल, तर कोपऱ्यात आलेला मेसेज सगळेच वाचतात.

आधी शुभेच्छा आणि खाली खाजगी मजकूर, ही युक्ती भरवशाची नाही. किती ओळी दिसतील ते फोनगणिक बदलतं. वेगळा मेसेज केला तर त्याचीही सूचना वाजतेच. नंतर 'सर्वांसाठी हटवा' केलंत, तरी वाचलेलं परत घेता येत नाही.

तिने पुन्हा विचारलंच, तर "बरी आहे गं, रात्री बोलू" पुरे.