मदत हवी आहे: दगडाच्या घरघंटीची मोटर तापून बंद पडते, पीठही गरम येतंय

मीनल_चिपळूण
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दगडाची घरघंटी आहे, १ एचपी, सिंगल फेज. दोन दगड आणि बाजूला त्यांच्यातली फट कमीजास्त करायचं चाक. उन्हाळ्यात ५ किलो गहू एका दमात दळून व्हायचे. आता २ किलो होत नाहीत तोवर मोटरला हात लाववत नाही, लाल बटण उडतं आणि घंटी बंद पडते. अर्ध्या तासाने बटण दाबलं की पुन्हा चालू. पीठ गरम, जरा करपट वासाचं, आणि पूर्वीसारखं मऊही नाही. जाडसर येतंय म्हणून चाक आणखी आवळलं, तर बटण अजून लवकर उडायला लागलं.

गहू आम्ही धुऊनच दळतो. सध्या पावसामुळे घरातच पंख्याखाली चादरीवर पसरते. हा त्रास सुरू व्हायच्या आधी भाचीच्या बाळासाठी पीठ दळलं होतं: मोड आणून वाळवलेली नाचणी, त्यात भाजलेलं सोयाबीन आणि शेंगदाणे. त्याचा संबंध असेल का? दुरुस्तीवाला म्हणतो मोटर रिवाइंड करावी लागेल. पैसे घालण्याआधी विचारते आहे.

सुहास_६९
कपॅसिटर गेलाय, डोळे झाकून बदला. आमच्या पाण्याच्या मोटरचं अगदी हेच झालं होतं, तापायची आणि बंद पडायची. दीडदोनशेचं काम आहे. रिवाइंडिंगच्या नादी लागू नका.

वैशाली_ना
ताई, आमची पण घरघंटी पावसाळ्यात अशीच करते. बारीक जाळी काढून मोठी जाळी लावा. दमट दाणा जाळीच्या भोकांत चिकटून बसतो, पीठ खाली पडत नाही आणि मोटरवर लोड येतो. जाळी ब्रशने साफ केली तरी फरक पडतो.

मीनल_चिपळूण
वैशालीताई, आमच्या घंटीला जाळीच नाही हो. दगडातून पीठ थेट पिशवीत येतं.

अण्णा_गिरणीवाले
वैशालीताईंची पात्याची घंटी आहे. तिच्यात पातं दाणा फोडतं आणि जाळी बारीक-जाड ठरवते. मीनलताईंची दगडाची. इथे बारीक-जाड ठरतं दोन दगडांतल्या फटीवर, आणि माझ्या मते दुखणं तिथेच आहे. पण अंदाजाने बोलण्यापेक्षा एक चाचणी करा.

दगड पूर्ण सैल करा, दाणा अजिबात सोडू नका आणि घंटी १० मिनिटं रिकामी चालवा. रिकामी असूनही मोटर तापली, घुमल्यासारखा आवाज आला किंवा चालू होताना अडखळली, तर सुहासरावांचं बरोबर: कपॅसिटर, बेअरिंग नाहीतर वाइंडिंग. रिकामी नुसती कोमट झाली, तर मोटर ठणठणीत आहे आणि तिच्या डोक्यावर ओझं जास्त पडतंय. ही चाचणी झाल्याशिवाय रिवाइंडिंगला हो म्हणू नका.

मग प्लग काढून दगड उघडून बघा. प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. उघडण्याआधी दोन्ही दगडांच्या कडेवर खडूने एक रेघ मारा, म्हणजे परत बसवताना ती जुळवता येईल. मधले वॉशर हरवू नका. दगडाचं तोंड कसं दिसतं ते लिहा.

मीनल_चिपळूण
अण्णा, केलं. रिकामी १० मिनिटं चालवली, नुसती कोमट झाली. चालू होतानाही अडखळली नाही. एक बारीक किरकिर मात्र येते खालच्या बाजूने, ती आधीपासूनची की आत्ताची ते सांगता येत नाही.

दगड उघडला तर तोंड खरखरीत नाहीच! तपकिरी, चकचकीत, लाटलेल्या पोळीसारखं गुळगुळीत. मधल्या खाचा पार बुजलेल्या. नखाने खरवडलं तर मेणासारखा थर निघाला, शेंगदाण्याचा वास होता. खाचांच्या तळाला ओलसर पिठाचा घट्ट लगदा.

अण्णा_गिरणीवाले
तेच. दगड भरलाय. शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं, सोयाबीनमध्ये पाचव्या हिश्श्याच्या आसपास. दगडाखाली दाब आणि उष्णता मिळाली की तेल सुटतं, पिठाला घेऊन दगडाच्या बारीक छिद्रांत बसतं आणि गरम होऊन थर धरतं. त्यावर दमट नाचणी आली, मग धुतलेला गहू आला. ओलसर दाण्याचा कोंडा चिवट होतो. तो कडकन फुटत नाही, चिरडून चपटा होतो आणि खाचांत जाऊन बसतो. धार गेलेला दगड दाणा कापत नाही, नुसता घासतो. म्हणून पीठ जाडही येतं आणि गरमही येतं. तुम्ही चाक आवळलंत, घासणं वाढलं, मोटर जास्त करंट ओढायला लागली आणि बटण उडालं. ते बटण मोटरला जळण्यापासून वाचवतंय, त्याला वायर जोडून बायपास करू नका. असे शहाणे भेटतात म्हणून सांगतो.

आता साफसफाई. पाणी अजिबात लावू नका, दगड पाणी पितो आणि वाळायला फार वेळ घेतो. कोरड्या दगडावर तारेचा ब्रश मारा, खाचा लाकडाच्या टोकदार काडीने मोकळ्या करा, थर निघेल तेवढा काढा. मग दगड बसवा आणि १ किलो जाडे, कोरडे तांदूळ फट सैल ठेवून भरडून काढा. पुन्हा थोडी फट कमी करून तेच तांदूळ काढा. पहिलं पीठ पिवळट, करडं येईल. ते खाऊ नका, जनावरालाही नको, त्यात तारेचा नि दगडाचा चुरा असतो. पांढरं यायला लागलं की दगड मोकळा झाला.

मीनल_चिपळूण
आणि फट किती ठेवायची? चाकावर आकडे आहेत, पण आता ते जुळत नाहीत.

अण्णा_गिरणीवाले
आकडे विसरा, दगड झिजतो तसे ते खोटे होतात. कान लावा. घंटी रिकामी चालू करा, चाक हळूहळू आवळा. दगडाला दगड लागल्याचा हलका सर्र आवाज आला की लगेच पाव फेरा मागे घ्या. तो तुमचा शून्य. रिकाम्या दगडाला दगड घासत ठेवायचा नाही, दोन सेकंदांत धार जाते.

मग दाणा सोडा, तोही पट्टी अर्धीच उघडून. पीठ चिमटीत घेऊन बघत चाक जरा जरा आवळा. मऊ पाहिजे म्हणून चाकच आवळत बसण्यापेक्षा दाणा कमी सोडा, मोटरला ते सोपं जातं. आणि दगड-शाफ्ट तापले की थोडे फुगतात, फट आपोआप कमी होते. म्हणून सुरुवातीला बरोबर बसवलेलं चाक १०-१५ मिनिटांनी केसभर सैल करावं लागतं. आवाज जड झाला, पीठ हाताला गरम लागलं की समजा. बंद करताना आधी दाणा थांबवा, दगडातला माल निघू द्या, फट सैल करा, मग बटण. दाण्याने भरलेल्या दगडावर घंटी चालू करणं म्हणजे मोटरला मारणं.

वायरमन_भाऊ
अण्णांचं सगळं पटलं. एक राहिलं, व्होल्टेज. ताई, संध्याकाळी दळता का? खेडेगावात त्या वेळी २३० च्या जागी १९० मिळतं. तेवढ्याने मोटरचा जोर जवळजवळ एक तृतीयांश कमी होतो, आणि तोच दाणा दळायला ती जास्त करंट ओढते. आणि घंटी कशाला जोडली आहे? बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर असेल तर तो बोर्ड आधी काढा. १६ अँपिअरच्या पॉइंटवर थेट लावा, अर्थिंग बघून घ्या.

कोणी क्लॅम्प मीटर लावणार असेल तर मोटरच्या पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात, दळताना त्याच्या वर जाता कामा नये. रिकाम्या मोटरचा आकडासुद्धा त्याच्या निम्म्याहून जास्त दिसेल, सिंगल फेजला तसंच असतं, त्यावरून मोटर गेली असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

शेतीशाळा
गहू कोरडा आहे का ते कसं कळणार, हा खरा प्रश्न. चावून बघा: कटकन फुटला तर ठीक, दातात दबला तर नाही. दुसरी पद्धत धान्य साठवणीतली आहे. कोरडी काचेची बरणी घ्या, तिच्यात गहू घाला, तव्यावर गरम करून थंड केलेलं मीठ घाला, झाकण लावून थोडा वेळ हलवा आणि १५ मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर. दळायला १२ च्या आसपास हवी. ही चाचणी फक्त फारच ओला दाणा पकडते. १३-१४ टक्क्यांचा दाणा तिच्यातून सुटतो, तिथे दातच कामाला येतात.

वैशाली_ना
पण न धुता गहू कसा दळायचा? औषधं मारलेली असतात, धूळ असते.

शेतीशाळा
धुवायचा तर एप्रिल-मेच्या उन्हात वर्षाचा धुऊन, वाळवून, भरून ठेवा. आत्ता पाखडून, निवडून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि परातीत एक रात्र पंख्याखाली ठेवा. कोकणात जुलैमध्ये पंखा भिजलेला गहू आतून वाळवू शकत नाही, हवाच दमट.

सुहास_६९
पुसून औषध जातं का पण? आमच्याकडे धुतल्याशिवाय चालत नाही.

मीनल_चिपळूण
अपडेट देते. घंटी एक्स्टेन्शनवरच होती, काढली. दगड साफ केला. तांदळाचं पहिलं पीठ खरंच राखाडी होतं, दुसऱ्या वेळी पांढरं आलं. मिठाच्या बरणीत आमचा पंख्याखालचा गहू नापास! काचेला मीठ बसलं. सासूबाईंनी मार्चमध्ये उन्हात वाळवून ठेवलेल्या डब्यातला ३ किलो काढला, सकाळी दळला. बटण उडालं नाही. मोटर गरम झाली, पण हात ठेवता आला. पीठ मऊ आहे, पूर्वीइतकं नाही. किरकिर अजून येते.

बाळाच्या पिठाचं काय करू? नाचणी तर हवीच आहे.

अण्णा_गिरणीवाले
मोडाची नाचणी कढईत मंद आचेवर कोरडी होईपर्यंत परता, पूर्ण गार करा, मग दळा. गरम दाणा घातलात तर वाफ धरून पुन्हा लगदा. सोयाबीन १० भागांत १ भाग, आधी नाचणीत नीट मिसळून. शेंगदाणे घंटीत नकोत, मिक्सरमध्ये थोडे थोडे फिरवा आणि दळलेल्या पिठात मिसळा. शेवटी दोन मुठी तांदूळ काढले की दगड पुसला जातो. किरकिर बेअरिंगची वाटते, आठवडाभर लक्ष ठेवा, वाढली तर बदला. मऊपणासाठी दगडाला टाकी लावून घ्या.

वायरमन_भाऊ
अण्णा, घरघंटीच्या या दगडाला टाकी लावत नाहीत असं मला विक्रेत्याने सांगितलंय. जोडी बदला म्हणतो.

अण्णा_गिरणीवाले
विक्रेता जोडीच विकणार. मी लावतो, चालतात. पण दगड पातळ झाला असेल तर नको, टाकीने कड तुटते. मीनलताई, कडेची जाडी मोजून लिहा, मग बोलू.