अनुभव धागा: काका, मावशी, दादा... अनोळखी माणसाला हाक मारताना

धागाकर्ती

रिक्षावाले काका, वॉर्डातल्या मावशी, दुकानातला दादा. रक्ताचं काही नसलं तरी आपण नात्यानं हाक मारतो आणि कुणाला कुठली हाक मारायची हे कुणी बसवून शिकवत नाही. नव्यानं मराठी बोलू लागलेल्यांची गाडी नेमकी इथं अडते. म्हणून ज्यांचं रोज अनोळखी माणसांशी काम पडतं त्यांना आमंत्रण: कुठली हाक कुठं चालते, कुठं अंगाशी येते आणि का, ते लिहा. 'एकदा काय झालं' छापाचे किस्से नकोत, त्यांना वेगळा धागा काढू.

वॉर्ड_सात

सरकारी रुग्णालयाबद्दल लिहिते, कारण तिथं ही व्यवस्था फार पक्की आहे. वॉर्डातली आया म्हणजे मावशी, वॉर्डबॉय म्हणजे मामा, परिचारिका सिस्टर, पुरुष परिचारक ब्रदर, डॉक्टर सर किंवा मॅडम. भांडं हवं, चादर बदलायची, पेशंटला कुशीवर वळवायचं तर "मावशी, जरा येता का?" स्ट्रेचर, ऑक्सिजनचं सिलिंडर, एक्स-रेला न्यायचं असेल तर "मामा".

यात वयाचा काही संबंध उरलेला नाही. बावीस वर्षांचा वॉर्डबॉयही मामा आणि त्याला पन्नाशीतले प्राध्यापक डॉक्टरही मामाच म्हणतात. माझी साधी कसोटी अशी: बोलणाऱ्याचं किंवा ऐकणाऱ्याचं वय बदललं की हाक बदलते का? बदलत असेल तर ते नातं आहे. बदलत नसेल तर ते पदाचं नाव आहे, फक्त नात्याच्या कपड्यातलं.

नातेवाईक चुकतात ते इथंच. वयानं मोठ्या दिसणाऱ्या सिस्टरला ते आदरानं "मावशी" म्हणतात. सिस्टर तुटकपणे "सिस्टर म्हणा" म्हणाल्या तर त्यात उद्धटपणा नसतो. मावशी म्हटल्यावर त्या वॉर्डात वेगळ्याच कामावर जाऊन पडतात. बाहेर याच बाईंना हीच हाक मारली तर त्यांना काही वाटणार नाही.

पेशंटशी बोलताना मात्र सगळं पुन्हा वयावर येतं. "आजी, मोठा श्वास घ्या." "दादा, बाही वर करा." तिथं पद नसतंच ना.

शेंगदाणा

नियम सोपा आहे हो. वडिलांकडची नाती बरोबरीच्यांना आणि आईकडची नाती हाताखालच्यांना. शेजारची काकू, भांडीवाली मावशी. सोसायटीतले काका, शाळेतले शिपाई मामा. पुरुषप्रधान समाजाचा हिशेब, दुसरं काय!

परिघावरचा

शेंगदाणा, अर्धं बरोबर. पण मग वॉचमन काका, शाळेच्या व्हॅनवाले काका, दूधवाले काका यांचं काय करायचं? ते कुणाच्या बरोबरीचे मानले जातात? आणि आईची जिवाभावाची मैत्रीण बहुतेक घरांत मावशीच असते, तिला कुणी हाताखालची समजत नाही. पुरुषांच्या बाबतीत तुमचा नियम लगेच फाटतो. बायकांच्या बाबतीत बराच टिकतो, आणि त्याचं कारण मला वेगळं दिसतं.

काकू हे नातं काकांमुळे येतं. काका नाहीत तर काकू कुठून येणार? शेजारचं कुटुंब आपण जोडीनं ओळखतो, म्हणून ती काकू. मावशी स्वतःच्या बळावर मावशी असते, तिच्या नवऱ्याचा पत्ता लागत नाही. जी बाई आपल्याला एकटी, तिच्या कामाच्या जागी भेटते, तिला मावशी हाक सहज लागते. भाजीवाली, डबेवाली, वॉर्डातली आया, सगळ्या तशाच.

खडूफळा

पटलं नाही. मुलांच्या वर्गमित्राच्या आईला मुलं काकू म्हणतात, तेव्हा त्या काकांना त्यांनी पाहिलेलंही नसतं. आणि भाजीवाली नवऱ्यासोबत गाडीवर उभी असली, तरी तो काका आणि ती मावशी! एका जोडीला दोन बाजूंची नाती. तुमच्या हिशेबानं ती काकू व्हायला हवी होती.

परिघावरचा

गाडीवरच्या जोडीचं उदाहरण अडचणीचं आहे, मान्य. तिथं शेंगदाण्याचा मुद्दा उरतोच.

साडीचं_काउंटर

दुकानाची गोष्ट वेगळी. तिथं चुकीची हाक म्हणजे गिऱ्हाईक उठून जाणं. आम्ही नव्या मुलांना जे सांगतो ते लिहितो.

बाईमाणसाला सुरुवात "ताई" नं. केस पांढरे दिसेपर्यंत ताईच, आणि दिसले तरी शंका असेल तर ताईच. "काकू" म्हणायची घाई करू नका. चाळिशीतल्या बाईला काकू म्हटलं की चेहऱ्यावर लगेच कळतं: नजर साडीवरून उठते, उत्तरं एका शब्दात येतात. "आजी" तर दुकानात म्हणायचंच नाही, नातवंड सोबत असेल आणि तेच आजी म्हणत असेल तरीही. "वहिनी" साठी नवरा शेजारी हवा आणि त्याला आधी "दादा" किंवा "भाऊ" म्हटलेलं हवं. वहिनी म्हणजे भावाची बायको. भाऊच नाही तर ती हाक लोंबकळते, आणि एकट्या बाईला मारली तर सलगी वाटते.

पुरुषाला दादा, केस पिकले की काका. इस्त्रीचा शर्ट आणि हातात गाडीची किल्ली असेल तर हल्ली पोरं थेट "सर" म्हणतात. मला ते आवडत नाही. सर म्हटल्यावर घासाघीस होत नाही आणि घासाघीस झाली नाही तर माणूस बसत नाही. "ताई, तुमच्यासाठी म्हणून लावतो" हे वाक्य "मॅडम" ला जोडून बघा, लंगडं होतं.

गिऱ्हाईकही हेच हत्यार वापरतं. आधी "अहो, हे दाखवा", आणि किमतीचं बोलणं निघालं की "दादा, नीट लावा की".

नवी_सून

छान धागा! माझा प्रश्न: नवऱ्याच्या मोठ्या भावाला दादा म्हणू की भाऊजी? नवरा दादा म्हणतो, सासूबाई म्हणतात भाऊजीच म्हण. धाकटा असता तर नावानं चाललं असतं का?

धागाकर्ती

नवी_सून, धागा अनोळखी लोकांचा आहे, खऱ्या दिरांचा नाही. पण सासूबाईंचं ऐका, भाऊजी कुठंच खटकत नाही. धाकट्याचं तुमच्या घरची रीत बघून ठरवा.

कऱ्हाडकडचा

पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यात अनोळखी माणसाला पहिली हाक नात्याची नसतेच, ती असते "पाव्हणं". "पाव्हणं, कुठलं गाव?" गाव कळलं, कुणाकडे आलाय ते कळलं, मग नातं ठरतं. ज्याच्या घरी आलाय त्याच्या नात्यावरून हिशेब लागतो, उगाच काका-मामा होत नाही. शहरात वय बघतात, गावात दार बघतात.

आणि कुणी विचारलं नाही म्हणून मीच विचारतो: अनोळखी बाईला काकू, मावशी, आजी, ताई, अक्का सगळं चालतं. मग "आत्या" का कुणी म्हणत नाही?

वॉर्ड_सात

खरंच की. आमच्याकडे एकाही आयेला आत्या म्हणत नाहीत.

परिघावरचा

माझ्या मते उत्तर लग्नात आहे. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात बऱ्याच जातींमध्ये चालत आलं आहे. इरावती कर्वे यांनी उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा म्हणून महाराष्ट्राची मांडणी केली, त्यात हा मुद्दा महत्त्वाचा होता. मुलीच्या बाजूनं बघा: मामाची मुलगी दिली की तिची आत्या तिची सासू होते. म्हणून खेड्यात सासूला "आत्या", "आत्याबाई" आणि सासऱ्याला "मामा", "मामंजी" म्हणतात, नातं आधी नसलं तरी. सुनेच्या तोंडी आत्या म्हणजे सासू हे इतकं पक्कं झालंय, की वाटेवरच्या बाईला ती हाक द्यायला जीभ वळत नाही.

कऱ्हाडकडचा

मग मामाचं काय? सासऱ्याला मामा म्हणतात, तरी शिपाई मामा, वॉर्डातले मामा चालतातच. तुमचं उत्तर एका पायावर उभं आहे.

आमच्याकडची सून सासरच्या गावात वडीलधाऱ्या पुरुषांना मामाच म्हणते आणि माहेरी आली की तशाच वयाच्या माणसांना काका, तात्या, अण्णा. बाई तीच, फक्त गाव बदललं.

एसटी_थांबा

ट्रॅफिकवाल्याला मामा म्हणतात ते सगळे विसरले! फक्त ते पाठीमागे म्हणायचं असतं. "पुढच्या सिग्नलला मामा उभा आहे", इथं 'उभे आहेत' कुणी म्हणत नाही. समोर गाडी अडवली की तोच "साहेब" होतो. कुणाला मामा बनवणं म्हणजे फसवणं, त्यामुळे तोंडावर म्हणायची सोय नाही.

मात्रावेलांटी

एसटी_थांबा यांनी 'उभा आहे' लिहिलं, तिथंच थांबते. सगळे नामावर बोलताहेत, पण मान ठरतो क्रियापदावर. "दादा, गाडी बाजूला घ्या" आणि "दादा, गाडी बाजूला घे" या दोन्हींत दादा आहे. पहिल्यात विनंती आहे, दुसऱ्यात हुकूम. नातं वर चढवतं आणि क्रियापद खाली उतरवतं. 'दादा' म्हटलं म्हणजे आपण सभ्य बोललो, असं समजणाऱ्यांनी स्वतःचं क्रियापद ऐकावं.

हाकेपुढचा शब्दही बघा. "अहो काका" स्वच्छ मानाचं. "ओ काका" पुण्याकडे रोजचं आहे, पण आवाज चढला की भांडणाची सुरुवात. "ए काका" म्हटलं की काका या शब्दात मान उरतच नाही.

आणखी बारीक गोष्ट माणूस समोर नसताना दिसते. सख्ख्या मावशीबद्दल "मावशी आली" म्हणतात, ते जवळिकीचं एकवचन. घरकाम करणाऱ्या बाईंबद्दल काही घरांत "मावशी आल्या" आणि काही घरांत "मावशी आली" म्हणतात. दुसऱ्या घरातलं एकवचन सख्ख्या मावशीचं असेलच असं नाही. ओळखायचं कसं? त्या घरातले "मावशी, तू जेवलीस का?" असंही विचारतात का ते बघा. तोंडावर तुम्ही आणि पाठीमागे आली-गेली असेल, तर ते जवळिकीचं नाही.

शेंगदाणा

म्हणजे मी बरोबरच होतो!

मात्रावेलांटी

अर्धे. ते आधीच सांगून झालंय.

रात्रपाळी

बायकांच्या बाजूनं एक भर घालते. रात्री एकटीनं रिक्षा केली तर हाक विचार करून निवडली जाते. पंचविशीतल्या चालकालाही "काका" म्हणतात. तो हसला तर हसू दे. "दादा" ही चालतं, पण ते बसताबसताच म्हणावं: "दादा, पुलाकडून घ्या." वाटेत बोलणं नको तितकं वाढल्यावर अचानक दादा म्हटलं तर समोरच्याला ती घाबरल्याची खूण वाटते. नुसतं "ऐका ना" टाळतात, ती हाक घरातली आहे.

मुंबईत रिक्षावाला, भाजीवाला दिसला की "भय्या" म्हणतात. मूळ अर्थ भाऊ असला तरी मराठी तोंडात तो 'तुम्ही बाहेरचे' असं सांगतो. आणि मराठी चालकाला म्हटलं तर तोही वळून बघतो. विदर्भातलं "भाऊ" दोघांनाही चालतं.

खडूफळा

हल्ली रिक्षा चालवणाऱ्या बायकाही दिसतात. त्यांना काय म्हणायचं? "रिक्षावाले काका" तोंडात बसलंय, पण "रिक्षावाल्या काकू" ऐकलेलं नाही.

साडीचं_काउंटर

ताई. शंका असेल तर ताईच, वर लिहिलंय.

परिघावरचा

पन्नाशीची असेल तर मावशी म्हणतील बहुतेक. एकटी, कामाच्या जागी भेटलेली.

वॉर्ड_सात

मावशी आधीच कामाचं नाव होऊन बसलंय, ते तिच्यावर कशाला? रिक्षा तिची स्वतःची असेल. मी ताई म्हणेन, केस पांढरे असले तरी.

कऱ्हाडकडचा

आमच्याकडं अक्का म्हणतील.