मदत हवी आहे: प्रश्नपत्रिकेचे चार संच काढले, पण सारखे अवघड कसे ठेवायचे?

दहावीला गणित शिकवतो. एका वर्गात 64 मुलं, एका बाकावर दोघं. गेल्या चाचणीला अ आणि ब असे दोन संच काढले. शेजाऱ्याचा संच बदलला, पण अ च्या बरोब्बर पुढे अ च बसलेला! पुढच्याच्या खांद्यावरून व्यवस्थित नक्कल झाली. पुढच्या ओळीत अदलाबदल केली, तर तिरका शेजारी सारखा येतो. म्हणून आता एका ओळीच्या बाकांवर अ-ब, मागच्या ओळीत क-ड, मग पुन्हा अ-ब. असं केलं की आठही बाजूंना वेगळा संच येतो.

खरी अडचण आकडे बदलताना आली. अ मध्ये x² − 7x + 12 = 0 दिलं, ब मध्ये 6x² − x − 2 = 0. पद्धत तीच, अवयव पाडून सोडवा. पण दुसऱ्यात मधलं पद फोडतानाच मुलं अडली, आणि ब वाल्यांची तक्रार रास्त होती. x² − 9x + 20 = 0 दिलं असतं तर जोडी जमली असती. पण x² − x − 12 = 0 चालेल का? इथे चिन्हाची चूक हमखास होते, मला तरी तो वेगळाच प्रश्न वाटतो.

नुसता प्रश्नांचा क्रम बदलला तर अवघड गणित कुणाला तरी पहिलंच येतं आणि तो तिथेच वेळ घालवतो. तुम्ही विभागातल्या विभागातच क्रम बदलता का? आणि तपासल्यावर एखादा संच जड निघालाच, तर गुणांचं काय करता?